वळणावरची गाडी: घसरेल की उलटेल?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत राहिले. फळ्यावर कुणी आघूर्णाचं, म्हणजे टॉर्कचं, समीकरण मांडायला घेतलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कोणत्या बिंदूभोवती?" हा प्रश्न न विचारता पुढे गेलं तर काय होतं, ते दाखवणारं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणून मी आज वळणावरची गाडी निवडली आहे. गाडी वेगानं वळणात शिरते. मग ती घसरून बाहेर जाते, नाहीतर उलटते. या दोनांपैकी काय होणार हे कशावरून ठरतं?

प्रथम एक गाडी आणि एक वळण नक्की करू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. गाडीचं वस्तुमान १२०० किलो. डाव्या आणि उजव्या चाकांमधली रुंदी दीड मीटर. वस्तुमान केंद्र जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कारला हे आकडे शोभतात. वळण सपाट रस्त्यावरचं, ५० मीटर त्रिज्येचं. आणि वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर.

वळताना गाडीला वळणाच्या केंद्राकडे त्वरण असतं. ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २२५ भागिले ५०, साडेचार मीटर प्रति सेकंद वर्ग. १२०० किलोला हे त्वरण द्यायला ५४०० न्यूटन बल लागतं. हे बल कुठून येतं? गाडीला बाजूनं धरून वळवणारं दुसरं कुणी नाही. रस्ता टायरांना आतल्या बाजूला ढकलतो, तेच हे बल. ते घर्षणाचं आहे आणि जमिनीलगत लागतं. उभ्या दिशेत गाडीचं वजन खाली, ११,७६० न्यूटन, आणि रस्त्याचा चाकांवरचा आधार वर. हा आधार आतल्या दोन चाकांवर वेगळा आणि बाहेरच्या दोन चाकांवर वेगळा असू शकतो. तो किती वेगळा, हेच आपल्याला काढायचं आहे, कारण आतल्या चाकांवरचा आधार शून्य झाला की गाडी उलटायला लागली.

आता एक हुशार विद्यार्थी काय करतो ते पाहा. तो म्हणतो, गाडी उलटणार ती बाहेरच्या चाकांवर, तेव्हा आघूर्ण तिथेच घेऊ, जिथे बाहेरचं टायर जमिनीला टेकतं त्या बिंदूभोवती. घर्षण जमिनीलगत आहे, त्या बिंदूतूनच जातं, त्याचं आघूर्ण शून्य. बाहेरच्या चाकावरचा आधारही त्याच बिंदूतून जातो, त्याचंही शून्य. उरलं काय? गाडीचं वजन, पाऊण मीटर अंतरावरून. आणि आतल्या चाकांचा आधार, दीड मीटर अंतरावरून. गाडी उलटत नाही म्हणजे दोन्ही समान. म्हणून आतल्या चाकांवर निम्मं वजन, ५८८० न्यूटन.

यात गणिताची चूक एकही नाही. पण उत्तर बघा. त्यात वेग कुठेच आला नाही. ताशी १० किलोमीटर असो की २००, आतल्या चाकांवर कायम निम्मं वजन. म्हणजे कोणतीही गाडी कोणत्याही वळणावर कधीच उलटणार नाही! रस्त्यावर रोज दिसणाऱ्या गोष्टीला हे गणित अशक्य ठरवतं.

चूक बिंदू निवडण्यात आहे. "गाडी स्वतःभोवती कोलमडत नाही, म्हणून आघूर्णांची बेरीज शून्य" हे विधान प्रत्येक बिंदूला लागू पडत नाही. जमिनीवरच्या बिंदूभोवती गाडीचा कोनीय संवेग दोन भागांचा बनतो: एक गाडीच्या स्वतःच्या गिरकीचा आणि दुसरा तिच्या वस्तुमान केंद्राच्या चालीचा. गाडी कोलमडत नसली तरी तिचं वस्तुमान केंद्र आतल्या बाजूला त्वरणानं चाललेलं आहे, आणि ते जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचावर आहे. म्हणून जमिनीवरच्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग सतत बदलतो आहे. तो बदलण्याचा दर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले उंची. एवढं आघूर्ण निव्वळ शिल्लक राहिलंच पाहिजे. आपला विद्यार्थी ते शून्य धरून बसला.

वस्तुमान केंद्राला मात्र एक खास मान आहे. त्याच्याभोवती आघूर्ण घेतलं, तर ते केंद्र स्वतः कितीही त्वरणानं धावत असो, आघूर्णांची बेरीज ही फक्त गाडीच्या स्वतःच्या गिरकीचा हिशेब सांगते. गाडी कोलमडत नसेल तर ती बेरीज शून्य, त्याला आणखी कुठली अट नाही. म्हणून हे गणित सोडवायला सर्वांत सुरक्षित जागा तीच.

मांडू या तर. वस्तुमान केंद्राभोवती वजनाचं आघूर्ण शून्य, कारण ते तिथूनच लागतं. घर्षण ५४०० न्यूटन, ते केंद्राच्या ५५ सेंटिमीटर खालून आतल्या दिशेला ओढतं. पाय आत ओढले की डोकं बाहेर जातं, तसं हे बल गाडीचं छत बाहेर झुकवू पाहतं. त्याचं आघूर्ण ५४०० गुणिले ०.५५, म्हणजे २९७० न्यूटन-मीटर. याला तोल द्यायला चाकांखालचा आधार असमान व्हावा लागतो. बाहेरचा आधार जास्त, आतला कमी, दोघांचा हात पाऊण मीटर. फरक हवा २९७० भागिले ०.७५, म्हणजे ३९६० न्यूटन. आणि बेरीज तर ११,७६० ठरलेली. म्हणून बाहेरच्या चाकांवर ७८६० न्यूटन, आतल्यांवर ३९००. रोजच्या भाषेत सांगायचं तर १२०० किलोच्या गाडीचा भार बाहेर ८०० किलो आणि आत ४०० किलो. सरळ रस्त्यावर सहाशे-सहाशे होता.

हेच उत्तर गाडीत बसूनही काढता येतं. गाडीच्या चौकटीतून पाहणारा म्हणेल की वस्तुमान केंद्रावर बाहेरच्या दिशेनं अपकेंद्री बल लागतं आहे. ते हिशेबात धरलं की गाडी स्थिर आहे, आणि मग आघूर्ण कोणत्याही बिंदूभोवती घ्या, उत्तर एकच येतं. जमिनीवर उभा असलेला निरीक्षक मात्र अपकेंद्री बल म्हणू शकत नाही. त्याच्या दृष्टीनं गाडीला उलटवू पाहणारं बल एकच आहे, टायरखालचं घर्षण. जे बल गाडीला वळवतं तेच तिला उलटवू पाहतं. आपण सगळे टायरची पकड ही निर्भेळ चांगली गोष्ट समजतो, म्हणून ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता वेग वाढवत नेऊ. आतल्या चाकांवरचा भार कमी कमी होत एका वेगाला शून्यावर येईल. ती उलटण्याची सीमा. चाकांमधली रुंदी t आणि वस्तुमान केंद्राची उंची h म्हटली, तर ती सीमा अशी:

v² = gr × t/(2h)

दुसरीकडे, घर्षणालाही कमाल मर्यादा आहे. ते वजनाच्या μ पटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. μ म्हणजे घर्षणांक. मागणी त्यापुढे गेली की गाडी घसरते. ही घसरण्याची सीमा:

v² = gr × μ

दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून बघा. वस्तुमान दोन्हीतून गेलं. "गाडी दणकट आहे, जड आहे, ती कशाला उलटते" या बोलण्याला आधार नाही. जड गाडीला वळवायला घर्षणही त्याच प्रमाणात जास्त लागतं. पुढे, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या दोन्हीकडे सारखीच आहेत. फरक फक्त शेवटच्या अवयवात. एका बाजूला t/(2h), म्हणजे गाडीची अर्धी रुंदी भागिले केंद्राची उंची. दुसऱ्या बाजूला घर्षणांक. यातला जो आकडा लहान, ती घटना आधी घडते. वेग आणि वळणाची त्रिज्या मिळून ही घटना कधी घडेल ते ठरवतात. काय घडेल, हे मात्र गाडीचा आकार आणि रस्त्याची पकड मिळून वळण येण्याच्या कितीतरी आधीच ठरवून ठेवतात.

आपल्या कारचं हे गुणोत्तर ०.७५ भागिले ०.५५, म्हणजे १.३६. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास. घर्षण आधी संपतं. ५० मीटरच्या वळणावर ही कार ताशी ६७ किलोमीटरला घसरायला लागेल. उलटायला तिला ९३ चा वेग हवा, आणि तिथपर्यंत ती वळणात राहणारच नाही. पावसात घर्षणांक ०.४ वर आला तर घसरण्याची सीमा ताशी ५० वर येते. उलटण्याची सीमा जागच्या जागी.

लहान आकड्याची घटना आधी घडते हे डोळ्यांनी दिसावं, यासाठीच या टेबलावर एक फळी आणि एक वीट आणून ठेवली आहे. साधी नऊ-चार-तीन इंची वीट. ती फळीवर पालथी, चार इंच रुंदीची बाजू उताराच्या दिशेला येईल अशी ठेवतो आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलतो. तीस अंशांच्या आसपास वीट सरकली. आता तीच वीट उभी करतो, तीन इंच रुंद आणि नऊ इंच उंच. पुन्हा उचलतो. पाहिलंत? सरकण्याच्या कितीतरी आधी, अठरा अंशांच्या सुमाराला ती पडली. वीट तीच, फळी तीच, घर्षण तेच. उभ्या विटेची अर्धी रुंदी दीड इंच आणि केंद्राची उंची साडेचार इंच, गुणोत्तर एकतृतीयांश. अठरा अंशांचं टॅनही एकतृतीयांशच. तिरप्या फळीवर वजनाचा फळीच्या दिशेतला भाग आणि फळीवरचा दाब यांचं जे प्रमाण, तेच वळणावर v²/(gr) चं. फळी उचलणं म्हणजे वळणावर वेग वाढवणं. हा खेळ नुसता शाळेचा नाही. ब्रिटनमध्ये दुमजली बस रस्त्यावर येण्याआधी वरच्या मजल्यावर प्रवाशांइतकं वजन ठेवून ती २८ अंशांपर्यंत तिरपी करून पाहतात, आणि ती पडता कामा नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं २००१ सालच्या गाड्यांपासून उलटण्याच्या धोक्याची तारांकित श्रेणी द्यायला सुरुवात केली, आणि तिचा पाया म्हणून हेच गुणोत्तर घेतलं. साध्या कारचं ते साधारण १.३ ते १.५ असतं, उंच एसयूव्हीचं एकाच्या थोडं वर. म्हणजे सपाट कोरड्या रस्त्यावर एसयूव्हीसुद्धा आधी घसरायला हवी. मग एसयूव्ही उलटतात कशा?

याचं उत्तर त्याच संस्थेच्या आकडेवारीत आहे. एकट्या गाडीच्या उलटण्याच्या अपघातांपैकी सुमारे ९५ टक्के अपघातांत गाडी आधी आडवी घसरलेली असते आणि मग तिची चाकं कशाला तरी अडतात: फुटपाथची कड, रस्त्याकडेची मऊ माती, खड्डा. त्या क्षणी घर्षणांकाची मर्यादा उरत नाही. कड जितकं ढकलायला हवं तितकं ढकलते. आपल्याच कारचा हिशेब करून पाहा. ती आडवी घसरत आली आणि बाहेरची दोन्ही चाकं कडेला अडली. इथे मात्र आघूर्ण मुद्दाम त्या कडेभोवतीच घ्यायचं, कारण अडण्याचं प्रचंड बल तिथूनच लागतं आणि त्याचं आघूर्ण शून्य होतं. कोनीय संवेग मोजताना केंद्राच्या चालीचा भाग धरला म्हणजे झालं. वस्तुमान केंद्राला चाकांच्या बरोबर वर जाण्यासाठी ३८ सेंटिमीटर चढावं लागतं. एवढं चढायला आडव्या घसरण्याचा वेग किती हवा? अशा कारचं नेहमीचं जडत्व आघूर्ण धरलं तर उत्तर येतं ताशी २० किलोमीटरच्या आसपास. ताशी ९३ ला सपाट रस्त्यावर न उलटणारी गाडी ताशी २० ला कडेवर उलटते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला डांबराला लागून मोकळी, सपाट, घट्ट जागा ठेवणं किती मोलाचं आहे, ते या एका आकड्यावरून कळावं.

आता माझ्या गणितात मी जे सोडून दिलं ते सांगतो. गाडी हा विटेसारखा ठोकळा नाही. ती स्प्रिंगांवर आहे. वळणावर बॉडी बाहेर कलते, वस्तुमान केंद्र काही सेंटिमीटर बाहेर सरकतं, टायर चेपतात. त्यामुळे उलटण्याची खरी सीमा कागदावरच्या गुणोत्तरापेक्षा कारच्या बाबतीत दहाएक टक्क्यांनी खाली येते. फिरणाऱ्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणामही गाडीला बाहेरच झुकवतो. आपल्या उदाहरणात ते आघूर्ण पन्नासेक न्यूटन-मीटर भरतं, २९७० पुढे सोडून देण्यासारखं. स्प्रिंगांचं मात्र तसं नाही. वळण एकसारखं नसेल, आधी एकीकडे आणि लगेच दुसरीकडे स्टिअरिंग फिरवावं लागलं, तर पहिल्या झोक्यात स्प्रिंगांत साठलेली ऊर्जा दुसऱ्या झोक्यात सुटते आणि गाडी स्थिर वळणातल्यापेक्षा जास्त कलते.

२१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनमध्ये हेच जगापुढे आलं. तिथल्या 'टेक्निकेन्स व्हॅर्ल्ड' या मोटार मासिकानं नव्या मर्सिडीज ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मोठं जनावर आलं तर चालक गाडी बाजूला काढून पुन्हा मूळ मार्गावर आणतो, तशी ही चाचणी. ताशी ६० च्या सुमाराला, कोणत्याही कडेला न अडता, ती गाडी उलटली. आखूड आणि उंच गाडी, चांगली पकड देणारे टायर आणि दोन विरुद्ध झोके. कंपनीनं पुरवठा थांबवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी ही यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. ईएसपी काय करते ते पाहण्यासारखं आहे. ती गरज पडेल तसा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते. बाहेरच्या पुढच्या चाकाला जोरानं ब्रेक लागला की त्या टायरची पकड थांबवण्यात खर्च होते, वळवण्यासाठी कमी उरते. गाडी थोडी बाहेर सरकते, पण उलटवणारं आघूर्ण लगेच घटतं. अभियंत्यांनी इथे जाणूनबुजून निवड केलेली आहे: दोनांपैकी एक होणारच असेल तर गाडी घसरू दे. घसरणाऱ्या गाडीचा वेग कमी होतो, चालकाला काही करायला वेळ मिळतो. अर्ध्यावर कललेल्या गाडीत चालकाच्या हातात काहीच राहत नाही.

ही निवड कारला करता येते. मालवाहू वाहनांना बहुतेक वेळा करता येत नाही. भरलेल्या ट्रकच्या चाकांमधली रुंदी १.९ मीटर आणि वस्तुमान केंद्र २ मीटर उंच धरा. गुणोत्तर ०.४८. स्प्रिंगांचं आणि टायरांचं झुकणं मोजलं की ते ०.३५ च्या आसपास येतं. हे कोरड्या रस्त्याच्या ०.७ पेक्षा कमी आहेच, पण ओल्या रस्त्याच्या ०.४ पेक्षाही कमी आहे. म्हणजे असा ट्रक भर पावसातसुद्धा घसरण्याआधी उलटेल. ५० मीटरच्या सपाट वळणावर त्याची सीमा ताशी ४७ किलोमीटर. मागून येणारा कारवाला त्याच वळणावर ५५ नं आरामात जातो आणि ट्रकवाल्याला हॉर्न मारतो. त्या दोघांचं वळण एक असलं तरी सीमा एक नाही, हे कारवाल्याला ठाऊक नसतं.

टँकरची गोष्ट आणखी वेगळी. अर्धवट भरलेल्या टँकरचं वस्तुमान केंद्र खाली असतं खरं, पण वळणावर द्रव बाहेरच्या भिंतीवर चढतो आणि केंद्र त्याच्यासोबत बाहेर जातं. टाकीत आडव्या पट्ट्या असतात, त्या ब्रेक लावल्यावर पुढे-मागे होणारं हिंदकळणं अडवतात. डावी-उजवीकडचं हिंदकळणं त्यांनी थांबत नाही. दुधाच्या टँकरमध्ये स्वच्छतेसाठी बहुधा त्याही नसतात.

रस्ता बांधणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही. वळणावर रस्त्याचा बाहेरचा काठ उचललेला असतो. त्या उताराचा आकडा घसरण्याच्या आणि उलटण्याच्या अशा दोन्ही सीमांत ढोबळमानानं मिळवायचा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत घाटातल्या रस्त्याला, जिथे बर्फ पडत नाही तिथे, हा उतार जास्तीत जास्त १० टक्के धरतात. आणि घर्षणांक किती धरतात? फक्त ०.१५. रबराची पकड ०.७ असताना एवढा कमी का? ओला रस्ता, झिजलेले टायर, प्रवाशांना बसणारे झोके हे सगळं त्यात आहे. उंच मालवाहू वाहनांना वळणात उलटण्यापासून जी जागा राहते, तीही त्यामुळेच. दोन्हींची बेरीज ०.२५. ती ५० मीटर त्रिज्येला लावली की वेग येतो ताशी ४०, आणि मानकांत डोंगराळ भागातल्या ४० च्या वेगाला किमान त्रिज्या ५० मीटरच दिलेली आहे. तेव्हा घाटातल्या पाटीवरचा ४० हा आकडा चांगल्या कारवाल्याला हास्यास्पद वाटला, तरी भरलेल्या ट्रकच्या सीमेपासून तो फार दूर नाही.

शेवटी आपल्या भागातल्या एका वाहनाकडे येतो. ऊस वाहणारी ट्रॉली. हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जातात, आणि चरात आडवी झालेली ट्रॉली पाहिलेली नाही असा माणूस या सभागृहात क्वचितच असेल. चाकांमधली रुंदी १.६ मीटर धरू. हौदाचा तळ जमिनीपासून मीटरभर, त्यावर ऊस दोन मीटर रचलेला, तेव्हा मालाचं केंद्र जमिनीपासून २ मीटरच्या आसपास. गुणोत्तर ०.४. पुढचा आस टर्नटेबलवर फिरणारा असेल तर तीव्र वळणात पुढच्या चाकांचा आधार आडवा उरत नाही, पाया अरुंद होतो आणि हे गुणोत्तर आणखी उतरतं. ते मी इथे धरत नाही. हमरस्त्यावरून कारखान्याच्या रस्त्याला वळताना त्रिज्या १२ मीटर. सीमा निघते ताशी २५ किलोमीटर. आता बाहेरची चाकं डांबरावरून उतरून साइडपट्टीवर गेली आणि ती पट्टी १५ सेंटिमीटर खाली आहे असं समजा. १.६ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर म्हणजे उलट्या दिशेचा साडेनऊ टक्के उतार. तो गुणोत्तरातून वजा होतो. उरलं ०.३१ पेक्षाही कमी, आणि सीमा आली ताशी २१-२२ वर. ट्रॅक्टर हा वेग सहज गाठतो.

  

उसाची उंची कमी करणं हा एक उपाय आहे. वरचे साठ सेंटिमीटर कमी भरले तर केंद्र तीस सेंटिमीटर खाली येतं आणि गुणोत्तर ०.४ वरून ०.४७ वर जातं. तेवढ्यानं खचलेल्या साइडपट्टीवर सीमा २१-२२ वरून २४ पर्यंत वाढते, त्याहून जास्त नाही. वेगाचं तसं नाही, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. तेच वळण ताशी १५ नं घेतलं, तर लागणारा आकडा ०.१५ च राहतो, म्हणजे खचलेल्या साइडपट्टीवरसुद्धा सीमेच्या निम्मा.

या सभागृहात कारखान्यांचे संचालक आहेत, वाहतूकदार आहेत, ट्रॅक्टर चालवणारी तरुण मुलंही आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच. चालकाला "सावकाश जा" असं मोघम सांगू नका, आकडा सांगा: भरलेली ट्रॉली असेल तर तीव्र वळणात पंधराच्या वर नाही, आणि तो वेग वळणात शिरण्याआधी कमी झालेला हवा. आणि कारखान्याच्या फाट्यावर जिथे साइडपट्टी खचली असेल, तिथे हंगाम सुरू व्हायच्या आधी मुरूम टाकून ती डांबराच्या पातळीला आणा.